बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर: तीन शाखा एकदम की एकेक? सोमवारी सकाळी बिल निघेल हे आधी कसं ओळखायचं?

सुखदा_इंदूर | ११ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. मी इंदूरला औषधांच्या एका घाऊक वितरकाकडे हिशोब आणि बिलिंग बघते. दवा बाजारात मुख्य गोडाऊन आहे, शिवाय उज्जैन आणि खंडवा इथे शाखा. तिन्ही मध्य प्रदेशातच, म्हणून जीएसटी नंबर एकच. रोज साधारण ४५० बिलं होतात. त्यातली ३३० इंदूरची, ८० उज्जैनची आणि ४० खंडव्याची.

चौदा वर्षं वापरलेलं सॉफ्टवेअर आता बदलतोय. नवं घेऊन झालं, शिकवणं चालू आहे. मालकांच्या मनात टप्प्याटप्प्याने जायचं आहे: आधी खंडवा, मग उज्जैन, शेवटी इंदूर. सॉफ्टवेअरवाले म्हणतात एका रविवारी तिन्ही शाखा बदलून टाका. त्यांनी ६४ मुद्द्यांची तपासयादीही पाठवली आहे. तीत 'युजर ट्रेनिंग पूर्ण', 'बॅकअप घेतला' असं सगळं आहे आणि बहुतेकांपुढे खूण करून झाली आहे. तरीही माझा जीव धास्तावलेला आहे. खुणा खऱ्या असल्या तरी सोमवारी सकाळी बिल बरोबर निघेल की नाही, हे त्या यादीवरून मला कळत नाही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. टप्प्याने की एकदम, हे ठरवायचं कशावरून?

---

अभय_देवास

मी बरीच वर्षं अशीच सॉफ्टवेअर बसवतो. माझं मत स्पष्ट आहे, एकदम करा. टप्प्याने गेलात की दोन सॉफ्टवेअरच्या मध्ये पूल बांधावा लागतो. खंडव्याला माल पाठवला की इंदूरच्या जुन्यात तो कमी करायचा आणि खंडव्याच्या नव्यात हाताने चढवायचा. महिन्याच्या शेवटी जीएसटीआर-१ साठी दोन्हीकडचे आकडे जोडायचे. हा पूल बांधण्यात जितकी मेहनत जाते, तितकी डेटा स्वच्छ करण्यात घातली तर एकदम जाणंच सोपं पडतं.

---

केदार_बडोदा

अभयजींशी मी सहमत नाही. आम्ही बडोद्यात ब्रॉडबँडची सेवा देतो. दोन वर्षांपूर्वी बिलिंग बदललं ते भाग पाडून. आधी मांजलपूर, मग कारेलीबाग, मग बाकीचं शहर. मांजलपूरला चुका निघाल्या. अर्ध्या महिन्यात प्लॅन बदलणाऱ्यांना पूर्ण महिन्याचं बिल जात होतं. पण ती चूक शे-दीडशे ग्राहकांपुरतीच राहिली. एकदम केलं असतं तर सगळं शहर फोनवर असतं. सुखदाताई, टप्प्यानेच जा. छोट्यापासून सुरुवात करणं कधीही बरं.

---

वसंतराव_जी

आमच्या सोसायटीतही मेंटेनन्सच्या बिलांसाठी नवं ॲप घेतलंय, ९६ फ्लॅट आहेत. जुनी थकबाकी त्यात कशी चढवायची? दर फ्लॅटची एकच रक्कम टाकली तर चालेल का? विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व.

---

जुनी_वही (इंदूर)

सुखदाताई, मी निवृत्त आहे. पस्तीस वर्षं घाऊक व्यापारात हिशोब सांभाळले आणि तीन वेळा असं स्थलांतर अंगावर घेतलं. त्यातलं एक वाईट फसलं, त्याचं पुढे सांगतो.

एकदम की टप्प्याने, हे शाखेच्या आकारावरून ठरत नाही. आधी एकच आकडा काढा: किती पार्ट्या एकापेक्षा जास्त शाखांतून माल घेतात?

केदारना टप्पे जमले, कारण मांजलपूरचा ग्राहक कारेलीबागेत बिल भरत नाही. प्रत्येक ग्राहक एकाच भागाचा, त्यामुळे भाग पाडला तरी कोणाचं खातं फाटलं नाही. औषधांत तसं नसतं. उज्जैनच्या मेडिकलवाल्याला एखादी गोळी उज्जैनला मिळाली नाही की तो इंदूरला फोन करतो आणि इंदूरहून थेट बिल होतं. उज्जैन नव्यात आणि इंदूर जुन्यात असेल, तर त्याची अर्धी उधारी इथे आणि अर्धी तिथे. मर्यादा एक लाखाची असली तर दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या परीने त्याला लाखापर्यंत माल देतील. त्याने ५० हजारांचा चेक दिला, तो कुठल्या बिलांवर जमा करायचा? वसुलीवाल्याच्या हातात दोन याद्या, आणि दुकानदार म्हणणार, "मला एकच आकडा सांगा."

म्हणून कापायचं तर अशा जागी कापा जिथे पार्टीचं खातं फाटत नाही. तशी जागा नसेल तर एकदम जाण्याला पर्याय नाही, मग भीती वाटो वा न वाटो.

वसंतराव, तुमचं पुढच्या प्रतिसादात घेतो. प्रश्न वाटतो तितका वेगळा नाही.

---

माळवा_मिलिंद

हे सगळं ठीक, पण तारीख १ एप्रिलच हवी ना? बिलांची नंबर मालिका वर्षाच्या मधे बदलता येत नाही, कायद्यात तसं आहे. आमच्या सीएंनी सांगितलं होतं. आणि एक सुचवतो, शाखेऐवजी कंपनीप्रमाणे टप्पे करा. आधी पाच औषध कंपन्यांचा माल नव्यावर, मग पुढच्या दहा.

---

जुनी_वही

मिलिंदराव, नंबरांबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, क्रमाने हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. पण एकाहून जास्त मालिका ठेवायला नियमात मुभा आहे. वर्षाच्या मधे नवी मालिका सुरू करता येते. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये दोन्ही मालिका दाखवायच्या, इतकंच.

उलट, जुनीच मालिका नव्या सॉफ्टवेअरात पुढे चालवू नका. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवर प्रत्येक बिलाला मिळणारा ओळख क्रमांक, हा जीएसटी नंबर, कागदाचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून बनतो. चुकून तोच नंबर दोन्हीकडून गेला तर दुसरा नाकारला जातो, आणि रद्द केलेला नंबरही पुन्हा वापरता येत नाही. वेगळी मालिका असली की दुरून बघूनही कळतं हे बिल कुठलं.

```
IND/25-26/041872     जुनी मालिका, १६ अक्षरं
KN/25-26/00001       खंडव्याची नवी, १४ अक्षरं
KHANDWA/25-26/0001   १८ अक्षरं, चालणार नाही
```

कंपनीप्रमाणे टप्पे मात्र करू नका. त्यात एकूण एक पार्टीचं खातं फाटतं. दुकानदाराच्या एका ऑर्डरची दोन बिलं आणि दोन पेट्या, शिवाय वसुली दोनदा. यापेक्षा वाईट जागी कापता येणार नाही.

---

सुखदा_इंदूर

काका, आकडा काढला. रात्री नऊपर्यंत बसले होते.

एकूण पार्ट्या ११४०. खंडव्याच्या २१०, त्यातल्या इंदूरहूनही माल घेणाऱ्या फक्त ९. उज्जैनच्या २६०, त्यातल्या इंदूरहून घेणाऱ्या १४३!

उज्जैन इतकं गुंतलेलं असेल असं मालकांनाही वाटलं नव्हतं. पंचावन्न किलोमीटरवर आहे, आमची गाडी रोज जाते, त्यामुळे सवयच पडली आहे. खंडवा लांब पडतं, म्हणून तिथले लोक तिथूनच घेतात.

---

जुनी_वही

मग तुमचं उत्तर आकड्यानेच दिलं. खंडवा आधी एकटं. उज्जैन आणि इंदूर नंतर एकाच रात्री. मालकांचे तीन टप्पेही नाहीत आणि सॉफ्टवेअरवाल्यांची एकच उडीही नाही.

त्या ९ पार्ट्यांसाठी मधल्या काळात मर्यादा वाटून द्या. ज्याची एक लाख आहे त्याला खंडव्यात ६० हजार आणि इंदुरात ४०. सेल्समनने दुकानात जाऊन तसं सांगून यायचं. नऊच आहेत, जमेल. १४३ जणांना हे जमलं नसतं.

आता तपासयादी. त्या ६४ मुद्द्यांतले बहुतेक 'काम केलं का' असं विचारतात. 'जुळलं का' हे विचारणारे मुद्दे वेगळे काढा. माझ्या मते त्यातला सर्वांत वरचा म्हणजे ओपनिंग थकबाकी. इथेच मी फसलो होतो, आणि वसंतरावांचा प्रश्नही हाच आहे.

आम्ही प्रत्येक पार्टीची एकच रक्कम नव्यात चढवली होती. एकूण बेरीज रुपयाला रुपया जुळली, सगळे खूश. पण ती रक्कम बदलाच्या तारखेचं एक बिल म्हणून बसली. आमची उधारी २१ दिवसांची होती. त्यानंतर थकलं की बिल अडायचं. झालं असं की ज्यांची बिलं आधीच ४०-४० दिवस थकलेली होती, त्यांनाही सॉफ्टवेअर खुशाल माल देत राहिलं, कारण त्याच्या लेखी सगळी उधारी कालची. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट विक्री चांगली वाटत होती. मग बाविसाव्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळ्या पार्ट्या एकदम अडल्या, वेळेवर पैसे देणाऱ्यासुद्धा. काउंटरवर रांग, आणि कोणाला सोडायचं हे कोणालाच कळेना. शेवटी अडवणंच बंद करावं लागलं, आणि त्या गोंधळात गेलेल्या मालाची वसुली पुढे दिवाळीपर्यंत पुरली.

म्हणून थकबाकी बिलवार चढवायची, मूळ तारखेसकट. आणि नुसत्या बेरजेवर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक पार्टीच्या सर्वांत जुन्या न फिटलेल्या बिलाची तारीख जुन्यातून काढा, नव्यातून काढा आणि शेजारी ठेवा. बेरीज जुळूनही ही तारीख चुकलेली असू शकते. वसंतराव, तुम्हीही फ्लॅटप्रमाणे महिनावार चढवा, नाहीतर व्याज चुकेल.

---

वसंतराव_जी

आभारी आहे. व्याजाचं ध्यानातच आलं नव्हतं.

---

निशा_ग्वाल्हेर

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानांसाठी हेच काम मी केलंय. एक सांगते, महिनाभर दोन्ही सॉफ्टवेअर बरोबरीने चालवा. प्रत्येक बिल दोन्हीकडे करा आणि ताडून बघा. आम्ही तसंच केलं, फार निश्चिंती मिळाली.

---

अभय_देवास

निशाताई, तुमची विक्री ग्राहकाला थेट आहे, तिथे आयआरएन नाही, म्हणून जमलं असेल. सुखदाताईंच्या पार्ट्या नोंदणीकृत दुकानदार आहेत. खरं बिल दोन्हीकडे केलं तर आयआरएन दोन, कर दोनदा. रद्द करायचं तर चोवीस तासांच्या आत, आणि ई-वे बिल चालू असेल तर तेही आधी रद्द करावं लागतं. शिवाय रोज ४५० बिलं दोनदा मारायला माणसं कुठून आणणार?

---

जुनी_वही

दोघांचंही खरं आहे. ताडून बघायचं, पण सावलीसारखं. कालची खरी बिलं आज नव्याच्या चाचणी प्रतीत मारायची, आयआरएन न काढता, आणि शेवटची रक्कम शेजारी लिहायची. तीन दिवसांची पुरतात. महिनाभर करण्यापेक्षा ती तीन दिवसांची बिलं नीट निवडा. त्यात स्कीम हवी, परत आलेला माल हवा, वेगळ्या कराच्या दराचा माल हवा.

---

सुखदा_इंदूर | २२ जानेवारी

केलं. खंडव्याची तीन दिवसांची १२० बिलं मारली. ३१ बिलांत फरक आला, सगळे पैशांतले. पहिल्यांदा वाटलं सोडून द्यावं, इतका किरकोळ. पण कारण शोधलं.

एका सिरपचा दर ८६.४५ रुपये आणि सूट ७ टक्के. म्हणजे ८०.३९८५. जुनं सॉफ्टवेअर आधी दर ८०.४० करतं आणि मग १४४ नगांनी गुणतं, ११,५७७.६० येतात. नवं आधी गुणतं आणि मग पैसे पूर्ण करतं, ११,५७७.३८ येतात. फरक २२ पैसे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात नवीन पद्धत जास्त अचूक आहे.

---

जुनी_वही

अचूक असेलही. पण बिलावर दर किती छापला जातो? ८०.४० छापून रक्कम ११,५७७.३८ आली, तर दुकानदार कॅल्क्युलेटरवर गुणून बघतो आणि म्हणतो हिशोब चुकला. छापलेला दर गुणिले नग म्हणजे छापलेली रक्कम, हे जमलंच पाहिजे. एक तर दर चार दशांशांपर्यंत छापा, नाहीतर आधी दर पूर्ण करा. मी असतो तर जुनीच पद्धत ठेवली असती, म्हणजे परत येणाऱ्या मालाची जुनी बिलंही जुळतात.

---

सुखदा_इंदूर

जुनीच ठेवली. आता ३१ पैकी ३१ जुळतात.

ओपनिंगचंही सांगते. पहिल्या रंगीत तालमीत खंडव्याची एकूण थकबाकी तंतोतंत जुळली होती. काका, तुम्ही सांगितलेली तारखेची यादी काढली तर १४ पार्ट्यांची तारीख चुकली. त्या सगळ्यांचे ऑन-अकाउंट पैसे पडून होते, बिलावर न लावलेले. नव्या सॉफ्टवेअरने ते आपोआप सर्वांत जुन्या बिलावर लावून टाकले. त्यांपैकी एकाचं जुनं बिल वादात आहे, म्हणून आम्ही मुद्दाम लावले नव्हते. बेरीज बघून हे कधीच सापडलं नसतं.

---

केदार_बडोदा

मागे फिरायचं ठरवलंय का? आम्ही ते लिहून ठेवलं नव्हतं. रात्री दोन वाजता चौघे उभे, आणि थांबा म्हणायचा हक्क कोणाचा तेच माहीत नाही.

---

सुखदा_इंदूर

ठरवलंय. ३१ जानेवारीला शनिवार आहे, रात्री आठला खंडवा जुन्यात बंद. १ फेब्रुवारीला रविवार, म्हणजे महिन्याची सुरुवात आणि सुट्टी एकाच दिवशी. रविवारी दुपारी चारला निर्णय. बिलवार थकबाकी आणि बॅचवार साठा, एक्स्पायरी आणि एमआरपीसकट, दोन्ही जुळले तरच पुढे. नाही जुळले तर सोमवारी जुन्यातूनच बिलं. निर्णय माझा एकटीचा, मालकांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

---

जुनी_वही

चांगलं केलंत. रविवारपर्यंत परत फिरणं फुकट आहे. सोमवारी पहिला आयआरएन निघाला की त्याची किंमत चालू होते, कारण ती बिलं आता खरी झाली. परत जायचं तर ती त्याच नंबरांनी जुन्यात हाताने चढवावी लागतील, आयआरएन न काढता. खंडव्याच्या ४० बिलांना ते एका संध्याकाळचं काम आहे, इंदूर-उज्जैनच्या ४१० ना नाही. म्हणून त्या मोठ्या रात्रीसाठी सोमवारी दुपारी बारा हीच मागे फिरण्याची शेवटची वेळ धरा, त्यानंतर पुढेच दुरुस्त करत जायचं.

---

सुखदा_इंदूर | ४ फेब्रुवारी

खंडवा चालू झालं! रविवारी पावणेचारला दोन्ही जुळलं. सोमवारी पहिलं बिल ९:४० ला निघालं.

पण दोन गोष्टी घडल्या. पहिली तीन बिलं आयआरएनसाठी अडकली. चाचणीचं लॉगिन वेगळं आणि खरं वेगळं, आणि खऱ्यासाठी आमच्या नव्या सर्व्हरचा पत्ता पलीकडे नोंदवलेलाच नव्हता. यादीत 'ई-इन्व्हॉइस तपासलं' यापुढे खूण होती, ती चाचणीची. पाऊण तास माल दारात उभा राहिला.

दुसरं जास्त लागलं. शनिवारी संध्याकाळी सेल्समननी घेतलेल्या १७ ऑर्डर जुन्यातच राहिल्या. बिल झालेलं नव्हतं, म्हणून थकबाकीत नाहीत. माल हललेला नव्हता, म्हणून साठ्यातही फरक नाही. सगळं जुळलं आणि तरी १७ दुकानांना माल गेला नाही. मंगळवारी एका दुकानदाराचा फोन आला तेव्हा कळलं. त्याच्याकडे एका पेशंटचं इन्सुलिन संपत आलं होतं. गाडी लगेच पाठवली, पण मला रात्री झोप लागली नाही.

---

जुनी_वही

हे माझ्याकडूनही राहिलं, मी सांगायला हवं होतं. जमा झालेले आकडे सरकतात, अर्धवट कागद मागे राहतात. ऑर्डर आहे पण बिल नाही. माल परत आलाय पण क्रेडिट नोट नाही. शाखेला माल निघालाय पण तिथे उतरलेला नाही. पुढच्या तारखेचा चेक ड्रॉवरमध्ये आहे. हे कुठल्याच बेरजेत दिसत नाहीत. मोठ्या रात्रीआधी प्रत्येक प्रकारचे कागद मोजा आणि शक्य ते शून्यावर आणा. इंदूर-उज्जैन गाडी त्या शनिवारी दुपारीच उतरून घ्या. जे उरेल त्याची नावानिशी यादी करून नव्यात हाताने चढवा.

---

निशा_ग्वाल्हेर

आणि एक्स्पायरीचा माल? मागच्या वर्षी २२ सप्टेंबरला बहुतेक औषधांचा कर १२ वरून ५ टक्के झाला. आधी विकलेला माल आता परत आला तर क्रेडिट नोट १२ नेच ना?

---

सुखदा_इंदूर

हो, मूळ बिलाच्या दरानेच. हाच माझा न सुटलेला प्रश्न आहे. नव्यात जुनी बिलं नसतील तर सॉफ्टवेअर ५ टक्केच धरणार.

---

जुनी_वही

सगळी चौदा वर्षं आणू नका. २०२४-२५ च्या विक्रीवर करासकट क्रेडिट नोट द्यायची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपली. म्हणजे कराचा प्रश्न १ एप्रिल २०२५ नंतरच्या विक्रीपुरताच, त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२६. तेवढ्या बिलांच्या ओळी आणा: पार्टी, बॅच, बिल नंबर, तारीख, दर, कर. बाकी जुनं सॉफ्टवेअर एका संगणकावर फक्त बघण्यासाठी चालू ठेवा.

---

सुखदा_इंदूर

काका, पण एकाच दुकानदाराने तीच बॅच ऑगस्टमध्येही घेतली आणि ऑक्टोबरमध्येही. परत आलेल्या दहा पट्ट्या कुठल्या बिलातल्या?

---

जुनी_वही

दुकानदाराने बिल नंबर लिहून दिला तर प्रश्न नाही. बहुतेक देत नाहीत. मी स्वतः जुन्या बिलापासून लावत आलो, पण तेच बरोबर आहे असं ठासून सांगणार नाही. हे तुमच्या सीएंशी लेखी ठरवून घ्या.

---

अभय_देवास

आता मोठी रात्र कधी? १ मार्चलाही रविवार आहे. महिन्याची सुरुवात, खंडव्यासारखीच. मी तर ती सोडणार नाही.

---

माळवा_मिलिंद

अहो, ३-४ मार्चला होळी-धुळवड आणि ८ ला रंगपंचमी! इंदुरात गेर निघते तेव्हा राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात, गाडीवाले आणि पोरं अर्धी सुट्टीवर. त्यातच कंपन्यांचं मार्चचं टार्गेट. ५ एप्रिलचा रविवार घ्या. ३१ मार्चचा साठा तसाही हाताने मोजणारच आहात.

---

अभय_देवास

होळीच्या आठवड्यात बिलं कमी असतात, म्हणून तर बरं. चुका सावकाश निस्तरता येतात. आणि एप्रिलपर्यंत थांबलात तर आणखी एक महिना दोन सॉफ्टवेअर, आणि खंडव्याला जाणारा सगळा माल दोनदा चढवायचा.

---

निशा_ग्वाल्हेर

बिलं कमी असतील, पण चुका निस्तरणारी माणसंही कमीच असतील. माझं मत एप्रिल.

---

सुखदा_इंदूर | ८ फेब्रुवारी

मालक मार्च म्हणतात, गोडाऊनचे लोक एप्रिल. मी असं ठरवलंय: १५ आणि २२ फेब्रुवारीला, दोन्ही रविवारी, इंदूर-उज्जैनची पूर्ण तालीम, घड्याळ लावून. डेटा काढण्यापासून तारखांची यादी जुळेपर्यंत किती तास लागतात ते मोजायचं. खंडव्याला जुळवायलाच सहा लागले होते आणि इथे पार्ट्या चौपटीहून जास्त आहेत. २२ ला दुपारी चारच्या आत बसलं आणि अर्धवट कागदांची यादी एका पानात मावली, तर १ मार्च. नाहीतर ५ एप्रिल. होळीच्या आठवड्यात कोण कोण हजर राहील त्याची नावं उद्याच लिहून घेते, तीही निर्णयात धरणार.

१५ च्या तालमीचे आकडे इथेच टाकते.